ताई, तुमचं बिल दिसत नाही

उदाहरणासाठी एक दुकान घेऊ. सावंतवाडीच्या बाजारात इलेक्ट्रिकल सामानाचं नवं दुकान निघालं आहे आणि मालकीण धंद्यात पहिल्यांदाच उतरली आहे. जीएसटीची नोंदणी झाली, पाटीवर दुकानाच्या नावाखाली पंधरा अक्षरी क्रमांक रंगवून झाला, छापखान्यातून बिलबुकं आली. ८ डिसेंबर २०२५ रोजी कुडाळचा एक कंत्राटदार चार पंखे, वायरच्या तीन कॉइल आणि चाळीस स्विच घेऊन गेला. पैसे महिन्याने द्यायचे ठरले. बिल फाडलं, त्याची एक प्रत त्याच्या हाती दिली, विषय संपला.

जानेवारीच्या मध्यावर त्याच्या हिशेबनिसाचा फोन आला. “ताई, तुमचं बिल आमच्या टू-बीत दिसत नाही. मालाचे पैसे पाठवतोय, टॅक्सचे २,०५२ रुपये तेवढे रोखून ठेवतोय. बिल दिसलं की ते पण पाठवतो.”

माल गेला होता, बिल दिलं होतं, करही भरला होता. मग बिल दिसत नाही म्हणजे काय? नव्या दुकानदाराला बिलावरचे रकाने का असतात हे ज्या दिवशी खऱ्या अर्थाने कळतं, तो हा दिवस.

किराणा दुकानातून साबण नेणाऱ्या माणसाला बिल हे फक्त किती पैसे दिले याची पावती असते. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याचं तसं नसतं. कंत्राटदाराने पंख्यांवर जो कर सावंतवाडीच्या दुकानात दिला, तो त्याला स्वतःच्या गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या करातून वजा करता येतो. यालाच इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात, बाजारात नुसतं ‘क्रेडिट’. ते मिळण्यासाठी हातात कर-बिल हवं, म्हणजे ज्याला बाजार ‘पक्कं बिल’ म्हणतो ते. आणि १ जानेवारी २०२२ पासून तेवढ्यानेही भागत नाही. विकणाऱ्याने ते बिल आपल्या जीएसटीआर-१ या विवरणपत्रात चढवलेलं असावं लागतं आणि तिथून ते घेणाऱ्याच्या जीएसटीआर-२बी या यादीत उतरावं लागतं. दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत दुकानाचं विवरणपत्र जातं आणि १४ तारखेला घेणाऱ्याची यादी तयार होते. हिशेबनिसाने फोन केला तो ही यादी पाहून.

सावंतवाडीच्या दुकानात घोळ झाला तो एका अक्षराचा. कंत्राटदाराने आपला जीएसटी क्रमांक फोनवर सांगितला. त्याने ‘डी’ म्हटलं, मालकिणीने ‘बी’ ऐकलं. बिलावर चुकीचा क्रमांक गेला. महिनाअखेर कर सल्लागाराच्या कार्यालयातल्या मुलाने तो पोर्टलवर टाकला, पोर्टलने नाकारला. शेवटची तारीख अंगावर आलेली होती, म्हणून त्याने ते बिल किरकोळ गिऱ्हाइकांच्या एकत्रित आकड्यात मिळवून टाकलं. सरकारला कर पूर्ण पोचला. फक्त तो कुडाळच्या कंत्राटदाराच्या नावावर पोचला नाही.

पोर्टलला चूक कळली कशी? या क्रमांकाची बांधणीच तशी आहे. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, कर्नाटकाचे २९. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यक्तीचा किंवा फर्मचा पॅन. तेरावं स्थान त्याच पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी आहे ते सांगतं, चौदाव्या जागी सहसा झेड असतो आणि पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून गणित करून काढलेलं असतं. मधलं एक अक्षर चुकलं की हे शेवटचं अक्षर जुळत नाही. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर असा क्रम ठरलेला असतो. त्यामुळे गिचमिड हस्ताक्षरात ‘ओ’ आहे की शून्य, हा प्रश्न त्याच्या जागेवरूनच सुटतो. डी आणि बी मात्र दोन्ही अक्षरंच, तिथे ही युक्ती चालत नाही.

म्हणून क्रमांक फोनवर ऐकून लिहूच नये. गिऱ्हाइकाकडून तो मेसेजने मागवावा आणि बिल फाडण्याआधी `gst.gov.in` वर `Search Taxpayer` मध्ये टाकून पाहावा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तिथे नोंदणीचं नाव दिसतं आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे तेही दिसतं. ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण रद्द झालेला क्रमांक बांधणीने अगदी बरोबर असतो. त्याच माणसाच्या दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीचंही तेच. नुसत्या डोळ्यांना यातलं काही कळत नाही.

बिलात काय काय असावं हे केंद्रीय जीएसटी नियमांतल्या ४६व्या नियमात लिहिलेलं आहे. यादी लांबलचक आहे आणि पहिल्यांदा वाचणारा माणूस बिचकतो. पण त्याच नियमांत, ३६व्या नियमात, एक सवलत आहे आणि तिच्यावरून यादीचा कणा कुठला ते कळतं. बिलात बाकी काही राहून गेलं तरी पुढच्या गोष्टी असतील तर घेणाऱ्याला क्रेडिट घेता येतं: कराची रक्कम, मालाचं वर्णन, एकूण किंमत, विकणारा आणि घेणारा या दोघांचे जीएसटी क्रमांक, आणि माल दुसऱ्या राज्यात जात असेल तर पुरवठ्याचं ठिकाण. यांतलं एक जरी नसलं तर समोरच्याचे पैसे अडकतात. ही सवलत घेणाऱ्यासाठी आहे, हे मात्र विसरू नये. विकणाऱ्याने बिल पूर्णच द्यायचं असतं. चुकीचं किंवा खोटं बिल दिल्यास कायद्याच्या १२२व्या कलमात दहा हजार रुपये किंवा बुडवलेल्या कराइतकी रक्कम, यांतलं जे जास्त असेल तेवढ्या दंडाची तरतूद आहे.

आता कुडाळचं ते बिल पुन्हा, नीट, पहिल्यापासून लिहू.

सर्वांत वर दुकानाचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक. नाव नोंदणीच्या दाखल्यावर आहे तेच. मग बिलाचा क्रमांक आणि तारीख. क्रमांक जास्तीत जास्त सोळा चिन्हांचा, त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं. त्याच आर्थिक वर्षात तोच क्रमांक पुन्हा येता कामा नये. आपल्या दुकानाने असा नमुना ठरवला:

```
SE/25-26/0147
```

तेरा चिन्हं झाली. मधल्या `25-26` मुळे वर्ष आपोआप वेगळं राहतं, आणि १ एप्रिलला पुन्हा `0001` पासून सुरुवात केली तरी गोंधळ होत नाही. काउंटरवर एक बिलबुक आणि टेम्पोबरोबर फिरणाऱ्या मुलाकडे दुसरं, असं असेल तर दोन वेगळ्या मालिका ठेवायलाही नियमाची हरकत नाही, फक्त प्रत्येक मालिका सलग हवी. बिल लिहिताना चुकलं तर पान फाडून फेकायचं नाही. तिन्ही प्रतींवर ‘रद्द’ लिहून त्या बुकातच ठेवायच्या. कारण विवरणपत्रात एक तक्ता असा आहे की, त्यात त्या काळात कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंत बिलं दिली आणि त्यांतली किती रद्द केली हे भरावं लागतं. गहाळ पानाचा जाब तिथे द्यावा लागतो.

त्याखाली घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि त्याचा जीएसटी क्रमांक, म्हणजे जिथे मघाशी ठेच लागली ती जागा.

मग मालाचे रकाने. नुसतं ‘इलेक्ट्रिकल सामान’ लिहिलेलं बिल कोणाच्याही उपयोगाचं नाही. पंखा, त्याचा आकार, संख्या, वायर कुठल्या जाडीची, किती कॉइल, स्विच किती. शेजारी एचएसएन कोड. जगभरात मालाची वर्गवारी ज्या आकड्यांनी होते त्यावर हा कोड आधारलेला आहे. पंख्यांचा ८४१४, स्विचचा ८५३६, वायरचा ८५४४. वर्षाची उलाढाल पाच कोटींपर्यंत असलेल्या दुकानाला नोंदणीधारक गिऱ्हाइकाच्या बिलावर चार आकडे पुरतात, त्यावर उलाढाल गेली की सहा लागतात. कोड शोधायला लहान दुकानदाराला फार लांब जावं लागत नाही. घाऊक व्यापाऱ्याकडून माल आला त्या बिलावर तो छापलेलाच असतो. तरी डोळे झाकून उतरवू नये, एकदा सल्लागाराकडून सगळ्या मालाची यादी तपासून घ्यावी, कारण कराचा दर या कोडावरून ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे मोडून बहुतेक माल ५ किंवा १८ टक्क्यांत आला. त्यानंतरही जुन्या दराने भरून ठेवलेला संगणक तसाच चालू राहिला, तर चूक रोजच्या प्रत्येक बिलात होत राहते.

आता रकमा. चार पंखे प्रत्येकी १,५०० रुपयांनी ६,०००. वायरच्या तीन कॉइल प्रत्येकी १,६०० रुपयांनी ४,८००. चाळीस स्विच प्रत्येकी ३० रुपयांनी १,२००. एकूण १२,०००. कंत्राटदार नेहमीचा होईल म्हणून पाच टक्के सूट, म्हणजे ६०० रुपये. राहिले ११,४००. कर बसतो तो या रकमेवर. १८ टक्क्यांचे दोन भाग पडतात: नऊ टक्के केंद्राचे १,०२६ आणि नऊ टक्के राज्याचे १,०२६. मिळून २,०५२, आणि बिलाची बेरीज १३,४५२.

इथे सुटीची ओळ बिलावर दिसणं फार गरजेचं आहे. विक्रीच्या वेळी दिलेली सूट करपात्र रकमेतून वगळता येते, पण ती बिलात नोंदलेली असेल तरच. मालकिणीने बिल १२,००० वर केलं असतं आणि सूट तोंडी देऊन पैसे कमी घेतले असते, तर कर झाला असता २,१६०. जास्तीचे १०८ रुपये दुकानाच्या खिशातून गेले असते. एका बिलात ही रक्कम लहान वाटते, पण वर्षभर रोज असंच चाललं तर नफ्याला लागलेली ती गळतीच असते.

रकमेचीच दुसरी चूक काउंटरवरच्या विक्रीत होते. पंख्याच्या खोक्यावरच्या किमतीत कर धरलेला असतो. गिऱ्हाइकाने करासकट १,१८० रुपये दिले, तर त्यातला कर १,१८० चे १८ टक्के, म्हणजे २१२ रुपये ४० पैसे नव्हे. १,१८० ला ११८ ने भागून १८ ने गुणायचं. उत्तर येतं १८०, आणि मालाची किंमत १,०००. हे गणित कॅल्क्युलेटरशेजारी चिकटवून ठेवावं इतक्या वेळा लागतं.

बिलाच्या तळाशी दोन गोष्टी राहतात. एक, कर उलट बाजूने, म्हणजे घेणाऱ्याने भरायचा आहे का, याचा रकाना. आपल्या दुकानाच्या रोजच्या विक्रीत तिथे ‘नाही’ असंच येईल. दुसरी, सही. ‘संगणकीय बिल, सहीची गरज नाही’ अशी ओळ पुष्कळ ठिकाणी छापलेली दिसते. नियमातली सूट माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे इलेक्ट्रॉनिक रूपात दिलेल्या बिलाला आहे. कागदावर छापून हाती दिलेल्या बिलावर मालकाची किंवा त्याने नेमलेल्या माणसाची सही असलेली बरी. मालाच्या बिलाच्या प्रती तीन: पहिली घेणाऱ्याची, दुसरी माल नेणाऱ्याची, तिसरी दुकानाची. कुठली कोणाची ते प्रतीवर छापलेलं असतं.

सावंतवाडीहून गोव्याची हद्द जवळ आहे, त्यामुळे या दुकानाला आणखी एका रकान्याकडे लक्ष द्यावं लागतं. समजा, पेडण्याच्या एका हॉटेलने पन्नास पंखे मागवले. हॉटेलचा जीएसटी क्रमांक ३० ने सुरू होतो आणि दुकानाचा टेम्पो माल तिथे पोचवणार आहे. आता पुरवठ्याचं ठिकाण गोवा. बिलावर ते राज्याच्या नावासकट लिहायचं आणि नऊ-नऊ टक्क्यांऐवजी १८ टक्क्यांचा एकच कर, म्हणजे आयजीएसटी, लावायचा. रक्कम तीच आहे म्हणून सवयीने नऊ-नऊ लिहिले तर? बिल हॉटेलच्या टू-बीत दिसेल, पण क्रेडिट मिळणार नाही अशा रांगेत, कारण महाराष्ट्राच्या तिजोरीत गेलेल्या कराचं क्रेडिट गोव्यातल्या नोंदणीला घेता येत नाही. दुकानाला आयजीएसटी नव्याने भरावा लागतो आणि आधी भरलेल्या कराचा परतावा मागावा लागतो. अशा वेळी व्याज लागत नाही, पण परतावा येईपर्यंत पैसा अडकून राहतो, आणि लहान दुकानात अडकलेला पैसा म्हणजे न भरलेला माल.

नोंदणी नसलेल्या घरगुती गिऱ्हाइकाचं काय? इथे नियम बराच सैल आहे. नाव-पत्ता न लिहिताही बिल होतं. करपात्र रक्कम ५०,००० किंवा त्याहून जास्त झाली की मात्र नाव, पत्ता, माल पोचवायचा पत्ता, राज्याचं नाव आणि कोड सगळं लागतं. नवं घर बांधणाऱ्याने एकदम सगळी वायरिंग उचलली की ही रक्कम सहज ओलांडते. रक्कम कमी असली तरी गिऱ्हाइकाने मागितलं तर हा तपशील घालायचा. पण पत्ता लिहिताना एक भान हवं: १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा गिऱ्हाइकाचा जो पत्ता बिलावर लिहिला असेल, तेच पुरवठ्याचं ठिकाण धरलं जातं. गोव्याचा पत्ता लिहिला की कर आयजीएसटी. पत्ता लिहिलाच नाही तर दुकान आहे तेच ठिकाण.

आणि एक बल्ब किंवा एक इन्सुलेशन टेप नेणारा? २०० रुपयांच्या आतल्या विक्रीला, घेणाऱ्याची नोंदणी नसेल आणि त्याने मागितलं नाही, तर वेगळं बिल फाडावं लागत नाही. दुकान बंद करताना अशा सगळ्या विक्रीचं मिळून दिवसाचं एक बिल करायचं. बरेच नवे दुकानदार इथे चुकतात. ही किरकोळ विक्री बिलात येतच नाही, गल्ल्यात जमते आणि हिशेबाला लागत नाही.

हे सगळं झालं नेहमीच्या नोंदणीचं. लहान दुकानदारांसाठी कंपोझिशन नावाची वेगळी वाट आहे. तिच्यात उलाढालीवर थोडा ठरावीक कर स्वतःच भरायचा, गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही. ही वाट धरलेल्या दुकानाने कर-बिल द्यायचंच नसतं. त्याने ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यायचं, त्यात कराचा रकाना नसतो आणि वर स्पष्ट लिहावं लागतं की हा दुकानदार कंपोझिशनमध्ये असून कर गोळा करायला पात्र नाही. नोंदणीच नसलेल्या दुकानाने तर बिलावर कर दाखवूच नये. छापखान्यात तयार मिळणारी जीएसटीची बिलबुकं आणून त्यावर नऊ-नऊ टक्के लिहिणं हा सरळ कायदेभंग आहे. मग भले पैसे थोडेच असोत.

सावंतवाडीच्या त्या २,०५२ रुपयांचं पुढे काय झालं? मालकिणीने कंत्राटदाराकडून क्रमांक लेखी मागवला, पोर्टलवर तपासला आणि सल्लागाराला दिला. जानेवारीच्या विवरणपत्रात ते बिल मूळ क्रमांकाने आणि ८ डिसेंबर या मूळ तारखेने कंत्राटदाराच्या नावावर चढवलं गेलं आणि डिसेंबरच्या किरकोळ विक्रीच्या आकड्यातून तेवढी रक्कम कमी केली गेली, म्हणजे कर दोनदा धरला जाऊ नये. २०२५-२६ च्या बिलांमधल्या अशा चुका दुरुस्त करायला ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत वाव आहे, वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तोपर्यंतच. कंत्राटदाराकडच्या प्रतीवरही क्रमांक चुकीचाच होता, तो दुरुस्त करून नवी प्रत सही करून दिली.

१४ फेब्रुवारीला हिशेबनिसाचा मेसेज आला, “ताई, दिसलं. पैसे टाकले.” बिलबुक चाळताना मालकिणीला आणखी दोन पानं सापडली, त्यांच्यावरही क्रमांक फोनवर ऐकून लिहिलेले होते. तिने दुकान उघडंच ठेवून आधी ते तपासायला घेतले.